कर्णे का किंचाळतात?
(राजारामपुरीतील एका सभागृह-समितीस ध्वनितंत्रज्ञाने लिहिलेले टिपण)



आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सभागृहात वक्ता बोलू लागला की मागच्या रांगेतून “आवाज वाढवा की!” अशी ओरड होते, माइकवाला आवाज वाढवतो, आणि लगेच कर्णे अशी काही शिट्टी घालतात की लोक कानांवर हात ठेवतात. आवाज कमी केला तर पुन्हा ऐकू येत नाही. मग नवे यंत्र घ्यावे, की भिंतींना पडदे लावावेत, की माइकवालाच बदलावा? माझे उत्तर असे, की ह्यांपैकी काहीही करण्याआधी शिट्टी कशी जन्मते ते समजून घ्यावे. ते समजले की निम्मे उपाय फुकटात होतात, आणि उरलेल्यांपैकी कोणत्यावर पैसा घालायचा तेही कळते. ह्या टिपणात ‘कर्णा’ म्हणजे पेटीत बसवलेला लाउडस्पीकर असे समजावे. जुनाच शब्द आहे, पण त्यामुळे बोलणारा ‘स्पीकर’ आणि वाजणारा ‘स्पीकर’ ह्यांत घोटाळा होत नाही.

माइक हा एक कान आहे. पण आपला कान काय ऐकायचे ते निवडतो, तसे माइकला जमत नाही. वक्त्याचा आवाज आणि कर्ण्यातून येणारा त्याच वक्त्याचा मोठा झालेला आवाज, दोन्ही त्याला सारखेच. म्हणजे आवाज एका चक्रात सापडतो: माइकमधून वर्धकात, वर्धकातून कर्ण्यात, कर्ण्यातून हवेत, आणि हवेतून पुन्हा माइकमध्ये. आता सारा खेळ एका हिशेबावर आहे. एक फेरी पुरी करून आवाज माइकपाशी परत आला, तेव्हा तो निघाला होता त्याहून लहान आहे की मोठा? लहान असेल तर प्रत्येक फेरीत विरत जाईल आणि कोणाला कळणारही नाही. मोठा असेल तर वाढतच जाईल. ह्या घटनेचा अभ्यास डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन ह्यांनी केला, म्हणून अनेक देशांत तिला लार्सन परिणाम असेच म्हणतात.

ही वाढ किती झपाट्याने होते पाहा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कर्णा माइकपासून ३ मीटरवर असेल, तर एका फेरीला सेकंदाचा शंभरावा हिस्साही लागत नाही. समजा, फेरीगणिक आवाज फक्त बारा टक्क्यांनी वाढतो. वीस फेऱ्यांत तो जवळजवळ दहापट होतो, चाळीस फेऱ्यांत जवळजवळ शंभरपट. आणि चाळीस फेऱ्या म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. माइकवाल्याचा हात खटक्यापर्यंत पोचायच्या आत सगळे होऊन गेलेले असते. पुढे आवाज वाढायचा थांबतो, तो केवळ वर्धकाची ताकद संपते म्हणून. त्या वेळी कर्ण्यातल्या बारीक आवाजाच्या छोट्या भागावर संपूर्ण शक्ती एकाच सुरात पडत असते, आणि त्याची नाजूक तार जळून जाऊ शकते. शिट्टी नुसती कानांना त्रास देत नाही, ती पेटीचेही नुकसान करते.

मग ती एकाच सुरात का येते, सगळे सूर एकदम का किंचाळत नाहीत? दोन कारणे आहेत. पहिले असे, की परत आलेली लहर माइकपाशी असलेल्या लहरीशी पावलाला पाऊल जुळवून आली पाहिजे. झोका नेमक्या वेळी ढकलला तरच वर चढतो, भलत्या वेळी ढकलला तर थांबतो, तसेच हे. दुसरे असे, की कोणताही माइक, कोणताही कर्णा आणि कोणतीही खोली सगळ्या सुरांना सारखी वागणूक देत नाही. काही सूर त्यांना अधिक प्यारे असतात. ज्या सुराचे पाऊलही जुळते आणि ज्याला खोलीचीही साथ मिळते, तो पहिला फुटतो. ३ मीटरच्या फेरीत पाऊल जुळणारे सूर साधारण दर सेकंदी ११३ कंपनांच्या अंतराने एक असे ओळीने उभे असतात. म्हणून एक सूर दाबला की शेजारचा डोके वर काढतो; आणि माइक वीतभर हलवला की शिट्टीचा सूर बदलतो.

शिट्टी फुटण्याआधी ती सूचना देते. ती सूचना ओळखायला शिकणे हे माइकवाल्याचे अर्धे काम आहे. फेरीअंती आवाज नव्वद टक्के शिल्लक राहत असेल, तर शिट्टी होत नाही. पण तो एक सूर पुन्हा पुन्हा भर पडून मुळाच्या दहापट मोठा ऐकू येतो. वक्त्याच्या शब्दांमागे घंटेसारखी शेपटी लागते, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. अशी शेपटी ऐकू आली, की आपण कड्याच्या काठावर आहोत असे समजावे. फेरीअंती निम्माच आवाज परत येईल इतके मागे राहिले, म्हणजे ही शेपटी त्रास देण्याइतकी उरत नाही. हे निम्म्याचे अंतर राखावे, असा आमच्या धंद्यातला जुना नेम आहे.

आता आपल्या सभागृहाकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून मापे पूर्णांकात घेतो. लांबी १८ मीटर, रुंदी १०, उंची ५. भिंतींना गुळगुळीत गिलावा, खाली फरशी, वर स्लॅब. कर्ण्याच्या दोन पेट्या व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर, दोन कोपऱ्यांत, तोंड प्रेक्षकांकडे. पुढे वक्त्याचे टेबल, त्यावर एक माइक, अध्यक्ष, पाहुणे आणि सूत्रसंचालक ह्यांचे आणखी तीन, चारही सुरू. वक्ता माइकपासून सुमारे ६० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर, उभा राहतो. माइकपासून पेटी ३ मीटर. शेवटची रांग वक्त्यापासून १५ मीटर आणि पेटीपासून १७.

शिट्टी न होता ही रचना आवाज किती वाढवू शकेल, ह्याचा एक साधा हिशेब आहे. दोन अंतरांचा गुणाकार वर ठेवायचा: वक्त्यापासून शेवटच्या श्रोत्यापर्यंतचे आणि माइकपासून कर्ण्यापर्यंतचे. दोन अंतरांचा गुणाकार खाली ठेवायचा: तोंडापासून माइकपर्यंतचे आणि कर्ण्यापासून शेवटच्या श्रोत्यापर्यंतचे. वरच्याला खालच्याने भागायचे. आपल्याकडे १५ गुणिले ३ म्हणजे ४५, ०.६ गुणिले १७ म्हणजे १०.२, भागाकार सुमारे ४.४ पट. त्यातून निम्म्याच्या नेमाप्रमाणे अर्धे सोडले, उरले २.२ पट. आणि चार माइक उघडे असले की त्या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे दोन, त्याने पुन्हा भागायचे. कारण प्रत्येक उघडा माइक हा कर्ण्याचा आवाज आत घेणारा आणखी एक दरवाजा आहे. हाती राहिले १.१ पट.

आणि हवे किती? शेवटच्या रांगेतल्या माणसाला वक्ता २ मीटरवर उभा राहून बोलतो आहे असे वाटावे, एवढी आपली अपेक्षा धरू. त्याला १५ भागिले २ म्हणजे साडेसात पट आवाज लागतो. हवा साडेसात पट, मिळतो १.१ पट! म्हणजे ही सारी यंत्रणा लावूनही, शिट्टी टाळायची तर, ती जवळजवळ बंद असल्यासारखीच आहे. ह्यात माइकवाल्याचा दोष नाही, वर्धकाचाही नाही. अधिक ताकदीचा वर्धक आणला तरी ह्या हिशेबात तो कुठेच येत नाही हे आपल्या लक्षात आले असेल. दहापट मोठा वर्धक घेतला तर शिट्टी दहापट मोठी होईल, एवढेच.

आता ह्याच आकड्यांत फक्त जागा बदलून पाहू. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभराहून थोडा कमी, आणला. पेट्या मागच्या भिंतीवरून काढून व्यासपीठाच्या पुढे दोन्ही बाजूंना आणल्या, अशा की माइकपासून त्या ५ मीटर आणि शेवटच्या रांगेपासून १२ मीटर राहतील. आणि बोलणाऱ्याचा सोडून बाकीचे माइक बंद केले. १५ गुणिले ५ म्हणजे ७५, ०.१५ गुणिले १२ म्हणजे १.८, भागाकार सुमारे ४१ पट. निम्म्याचा नेम पाळून २० पट. हव्या असलेल्या साडेसातीच्या अडीचपटीहून अधिक, आणि खर्च दोन ब्रॅकेट, थोडी तार आणि एका मिस्त्रीची दिवसभराची मजुरी.

प्रामाणिकपणे सांगायला हवे, की हा हिशेब मोकळ्या मैदानाचा आहे. बंद सभागृहात कर्ण्यापासून काही अंतरापलीकडे थेट आवाजापेक्षा भिंतींवरून घुमून आलेला आवाज अधिक होतो, आणि मग आणखी दूर गेल्याने तो फारसा घटत नाही. आपले सभागृह रिकामे असताना हे अंतर अवघे दोन मीटर भरते, भरलेले असताना साडेतीन मीटर. म्हणून ४१ पट ही कमाल मर्यादा समजावी. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळेल, आणि पेटी लांब नेण्याचा फायदा पूर्ण पदरात पडणार नाही. पण तोंड आणि माइक ह्यांच्यातले अंतर चौपट कमी केल्याचा चौपट फायदा मात्र कोणतीही भिंत हिरावून घेऊ शकत नाही. म्हणून सगळ्या उपायांत तो पहिला.

पेट्या पुढे आणण्याला आणखी एक कारण आहे. सभांना वापरले जाणारे बहुतेक माइक एकदिश असतात: समोरचे चांगले ऐकतात, पाठीमागचे फार कमी. ह्या जातीचे माइक अमेरिकेत १९३९ पासून सर्रास मिळू लागले, आणि त्यांनी शिट्टीचा त्रास पुष्कळ कमी केला. पण आपण काय केले आहे? माइकचे तोंड वक्त्याकडे, म्हणजे मागच्या भिंतीकडे. आणि त्या भिंतीवरच पेट्या. कान ज्या दिशेला तीक्ष्ण, तिकडेच आपण आरडाओरड ठेवली आहे! पेट्या पुढे आणल्या की माइकची बहिरी पाठ त्यांच्याकडे येते. व्यासपीठावर गायकासाठी छोटी पेटी जमिनीवर ठेवायची असेल, तर माइकची जात आधी विचारावी. साध्या एकदिश माइकची बहिरी जागा बरोबर पाठीमागे असते; अधिक अरुंद कानाच्या माइकची ती पाठीच्या दोन्ही बाजूंना थोडी तिरकी असते, आणि अशा माइकच्या अगदी पाठीमागे पेटी ठेवली तर काम बिघडते.

हा बहिरेपणा कसा येतो तेही जाणून घ्यावे, कारण लोक तो नकळत नष्ट करतात. माइकच्या जाळीच्या मागच्या भागाला बारीक वाटा ठेवलेल्या असतात. मागून येणारा आवाज पुढून आणि मागून अशा दोन वाटांनी आत जातो आणि आतल्या आत स्वतःला खोडतो. गायक किंवा पुढारी जाळीच मुठीत आवळून धरतो तेव्हा ह्या मागच्या वाटा बुजतात आणि माइक चोहोकडचे ऐकू लागतो. शिट्टी फुटते. मग तो घाबरून माइकवर हात झाकतो, शिट्टी वाढते. तेव्हा माइक नेहमी दांड्याला धरावा, आणि शिट्टी झाली तर झाकू नये. शांतपणे तोंडाजवळ आणावा, किंवा कर्ण्याकडे पाठ होईल असा वळवावा.

माइक जवळ आणला की दोन तक्रारी येतील. ‘प’, ‘फ’, ‘भ’ ही अक्षरे फटाक्यासारखी फुटतात. “बंधू-भगिनींनो” म्हणताच कर्ण्यातून दोन ठोके बसतात. त्यावर फोमची टोपी घालावी आणि माइक थेट ओठांसमोर न ठेवता किंचित बाजूला, तोंडाकडे रोखलेला ठेवावा. दुसरी तक्रार आवाज घोगरा, भारी होण्याची. एकदिश माइकचा तो स्वभावच आहे: जवळ आले की खर्ज फुगतो. बहुतेक मिक्सरवर खालचे सूर गाळणारे बटण असते. भाषणासाठी ते दाबून ठेवावे. पुरुषाच्या भाषणाचेही त्याने काही बिघडत नाही, आणि घुमारा पुष्कळ कमी होतो.

आता पडद्यांविषयी, कारण समितीच्या पत्रात त्यांवर सर्वांत अधिक भर आहे. खोलीतला घुमारा मोजण्याची रीत अमेरिकेत वॉलेस सॅबिन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली: खोलीचे घनफळ घ्यायचे, ०.१६१ ने गुणायचे, आणि आतल्या सर्व पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने भागायचे. आवाज पार विरायला किती सेकंद लागतील ते कळते. आपले घनफळ ९०० घनमीटर. गिलावा आणि फरशी मिळून शोषण सुमारे ३८ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके धरू, उत्तर ३.८ सेकंद. हे देवळाच्या गाभाऱ्यासारखे झाले. आता दोनशे माणसे आत बसवू. माणूस आणि त्याचे कपडे मिळून सुमारे ०.४५ चौरस मीटर शोषतात, म्हणजे ९० ची भर, उत्तर १.१ सेकंद. म्हणून चार वाजता रिकाम्या सभागृहात तपासणी करताना शिट्टी घालणारी यंत्रणा सहा वाजता भरल्या सभेत मुकाट चालते. आणि दोनशेच्या जागी तीस माणसे आली की पुन्हा बिघडते. हा यंत्राचा लहरीपणा नाही. श्रोते हेच तुमचे सर्वांत मोठे पडदे आहेत.

व्यासपीठामागे २० चौरस मीटरचा जाड, चुण्यांचा पडदा लावला तर शोषणात सुमारे १० ची भर पडेल. रिकाम्या सभागृहाचा घुमारा ३.८ वरून ३ सेकंदांवर येईल. कानाला फरक कळेल, बोलणे थोडे स्वच्छ होईल; पण शिट्टी न होता मिळणारा आवाज वाढेल तो शेकडा बारा-तेराच. माइक जवळ आणून चौपट मिळते, तिथे पडद्याने सव्वापटही नाही. पडदा वाईट नव्हे. मागच्या भिंतीवरून आवाज सरळ माइकच्या तोंडात आपटतो तो त्याने अडतो, म्हणून जमेल तेव्हा लावावा. पण तो पहिला खर्च नव्हे.

तसेच शिट्टी मारणाऱ्या यंत्राचे. बाजारात शिट्टीचा सूर आपोआप हुडकून तेवढाच कापणारी यंत्रे मिळतात, आणि एकतीस पट्ट्यांचे सूर-नियंत्रकही मिळतात. त्यांचा उपयोग जागा नीट लावून झाल्यावर आहे, आधी नाही. पद्धत अशी: सभागृह रिकामे, माइक नेहमीच्या जागी, सर्व पट्ट्या मध्यावर. एकच माइक हळूहळू वाढवायचा, घंटेची शेपटी ऐकू येताच थांबायचे, तो सूर ओळखून त्याची पट्टी तीन डेसिबल खाली घ्यायची. पुन्हा वाढवायचे, पुन्हा एक पट्टी. असे तीन-चार वेळा. त्यापुढे जाऊ नये, कारण सहा-सात पट्ट्या कापल्या की शिट्टीबरोबर माणसाचा आवाजही कापला जातो. शेवटी माइकचा आवाज सहा डेसिबल, म्हणजे निम्म्यावर, आणून तिथे खूण करायची. ही खूण म्हणजे त्या सभागृहाची लक्ष्मणरेषा. ह्या साऱ्या वेळी कानाला हेडफोन लावू नये.

आणखी एक युक्ती मान्फ्रेड श्रोडर ह्यांनी अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात मांडली: आवाज कर्ण्यात जाण्याआधी सर्व सूर सेकंदाला सुमारे पाच कंपनांनी सरकवायचे, म्हणजे फेरीगणिक सूर बदलेल आणि पाऊल जुळणार नाही. भाषणाला हे चालते. पण तानपुऱ्यासमोर बसलेल्या गवयाचा आवाज पाच कंपने सरकवून पाहा. मूळ सूर आणि सरकलेला सूर एकमेकांशी भांडून हेलकावे खाऊ लागतील. आपल्या सभागृहात भजने आणि मैफलीही होतात, म्हणून ह्या वाटेला जाऊ नये.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली इथे पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्को येथे मोठ्या जमावापुढे कर्ण्यांचे प्रात्यक्षिक झाले. पॅलेस थिएटर बांधले तेव्हा वाढवलेला आवाज इथे कोणी गृहीत धरलेलाच नव्हता. नटाचा गळा, प्रेक्षकांची शिस्त आणि वास्तूची मदत एवढ्यावरच काम होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती वास्तू आगीत जळाली. पण तिने घालून दिलेला धडा आपल्याला लागू आहे: आवाज पोचवणे हे प्रथम जागेचे आणि माणसाचे काम, यंत्राचे नंतर.

तेव्हा माझी शिफारस ह्या क्रमाने. आजपासूनच माइक तोंडाजवळ आणि एका वेळी एकच माइक सुरू. सूत्रसंचालकाने बोलणे संपवले की त्याचा माइक बंद. त्यासाठी माइकवाल्याला कार्यक्रमपत्रिका हातात द्यावी, म्हणजे पुढे कोण बोलणार हे त्याला कळेल. ह्या महिन्यात पेट्या पुढे आणाव्यात, माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली मागच्या रांगेकडे झुकवून. ब्रॅकेट भिंतीत पक्के बसवून त्याला सुरक्षेची साखळी लावावी. त्यानंतर वर सांगितलेली तपासणी करून खूण करावी. एवढे झाल्यावर दोन कार्यक्रम पाहावेत, एक भरलेला आणि एक विरळ. विरळ सभेत अजूनही शेपटी ऐकू येत असेल, तर पडद्याचा ठराव मांडावा, आणि त्या दिवशी श्रोत्यांना पुढच्या रांगांत बसवावे. त्याला खर्च काही नाही. नव्या वर्धकाचा ठराव मात्र तूर्त बासनात ठेवावा.

आपला,
ध्वनितंत्रज्ञ